महागडी तिसरी ओळ: दरपत्रकातला मधला पर्याय रास्त का वाटतो आणि तो नीट कसा मांडायचा

मिनोल्टा कंपनीचे दोन कॅमेरे. एकाची किंमत १६९.९९ डॉलर, दुसऱ्याची २३९.९९. इतामार सायमनसन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १०६ जणांना यांतला एक निवडायला सांगितलं, तेव्हा निम्म्यांनी स्वस्तातला निवडला आणि निम्म्यांनी महाग. दुसऱ्या एका गटातल्या ११५ जणांना हेच दोन कॅमेरे दाखवले, पण सोबत त्याच कंपनीचा तिसराही ठेवला, ४६९.९९ डॉलरचा. आता स्वस्त कॅमेरा २२ टक्के लोकांनी घेतला, सगळ्यात महागडा २१ टक्के लोकांनी आणि मधला ५७ टक्के लोकांनी.

हे आकडे वाचताना एक चूक बहुतेकांकडून होते. मधला ५० वरून ५७ वर गेला, म्हणजे सातच टक्क्यांची वाढ, यात विशेष ते काय, असं वाटतं. पण तिसऱ्या कॅमेऱ्याकडे गेलेली माणसं बाजूला काढा आणि उरलेल्यांकडे बघा. पहिल्या दोघांतूनच ज्यांनी निवड केली, त्यांच्यापैकी ७२ टक्के मधल्याकडे गेले. आधी हेच प्रमाण ५० होतं. या माणसांनी तिसरा कॅमेरा घेतला नाही, तरी तो समोर असल्यामुळे बाकीच्या दोघांमधला त्यांचा निवाडा बदलला. कॅमेरे तेच, किमती त्याच, फक्त शेजार बदलला.

या लेखात एवढ्याच गोष्टीत खोल जायचं आहे. तुम्ही स्वतः काही बनवून किंवा सेवा देऊन तिचे दर ठरवत असाल, तर तीन पर्यायांचं दरपत्रक कसं बांधायचं, वरची महागडी वस्तू किती महाग ठेवायची, आणि ती खरंच काम करते आहे की नुसतीच भिंतीवर मिरवते आहे, हे कसं ओळखायचं. उदाहरण म्हणून चित्रांना आणि फोटोंना फ्रेम करून देणारी एक कार्यशाळा घेते. पैशांचे आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत, म्हणून चलनाचं नाव लिहिलेलं नाही.

दोन वेगळ्या ओढी

महागड्या वस्तूचा परिणाम दोन वाटांनी होतो आणि त्या वेगळ्या समजून घेतल्या नाहीत तर दरपत्रक मांडताना गोंधळ होतो.

पहिली वाट अँकरिंगची. एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली एका शोधनिबंधात मांडलेला प्रयोग असा होता. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं जायचं. ते मुद्दाम असं बसवलं होतं की १० वर तरी थांबेल, नाहीतर ६५ वर. मग प्रश्न विचारायचे: संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांमध्ये आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त आहे की कमी, आणि तुमच्या मते नेमकं किती टक्के? १० बघितलेल्यांच्या उत्तरांचा मध्य २५ होता आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी आधी बघितलेल्या आकड्याने अंदाज आपल्याकडे ओढून घेतला. नांगर टाकलेली होडी वाऱ्याने थोडी इकडेतिकडे हलते, पण फार लांब जात नाही, तसंच हे.

आपल्याला रोज लागत नाही अशा वस्तूची किंमत 'किती असायला हवी' हे कुणालाच ठाऊक नसतं. फ्रेम हे त्याचं चांगलं उदाहरण. माणूस वर्षानुवर्षांत एकदा फ्रेम करायला येतो. त्याच्या डोक्यात मोजपट्टीच नसते, आणि समोर आलेला पहिला आकडा मोजपट्टी होऊन बसतो. आधी ३,९०० ऐकलं की नंतरचे १,८०० कमी वाटतात. आधी १,००० ऐकलं की तेच १,८०० म्हणजे जवळपास दुप्पट वाटतात.

दुसरी वाट मध्यममार्गाची. इथे आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची असते. तीन पर्यायांतला मधला घेतला की माणूस दोन्ही बाजूंच्या पश्चात्तापातून सुटतो. 'स्वस्तातलं घेतलं म्हणून खराब झालं' असं कुणी म्हणणार नाही आणि 'उगाच उधळपट्टी केली' असंही नाही. सायमनसन यांच्याच १९८९ च्या अभ्यासात, आपल्या निवडीचं कारण दुसऱ्यांना द्यावं लागेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मधल्याकडे झुकण्याचा कल अधिक दिसला. उलट २००० साली रवी धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की निवडायला वेळ अपुरा असेल तर हा कल कमी होतो. मधला पर्याय निवडायला तीनही पर्याय तोलावे लागतात, आणि तोलायला वेळ लागतो.

या दोन निष्कर्षांचा मला प्रत्यक्षात फार उपयोग वाटतो. जे गिऱ्हाईक घरी जाऊन किंवा कार्यालयात जाऊन खर्चाचं कारण सांगणार आहे, त्याच्यासाठी तीन पर्यायांची मांडणी खरंच उपयोगी पडते. जे घाईत आहे आणि आधीच ठरवून आलं आहे, त्याच्यासमोर तीन ओळी ठेवून काही साधत नाही.

थोडक्यात, अँकर कामाला लागतो तो आधी काय दिसलं यावर, आणि मध्यममार्ग कामाला लागतो तो तिन्ही पर्याय एकत्र, तुलना करता येतील असे दिसले तर. पुढच्या पायऱ्या या फरकावरच उभ्या आहेत.

पहिली पायरी: मधली वस्तू आधी, बाकी नंतर

दरपत्रक वरून किंवा खालून लिहायला घेऊ नका. बहुतेक गिऱ्हाइकांना ज्याचा खरा उपयोग आहे आणि जे विकताना तुमचंही भलं आहे, असं एक काम निवडा. ते मधलं.

आमच्या फ्रेमच्या कार्यशाळेत सध्या दोनच पर्याय आहेत असं धरू. साधी फ्रेम १,००० ला. त्यात साधी काच, साधा माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि मागे हार्डबोर्ड. ती बनवायला ६०० लागतात, म्हणजे ४०० सुटतात. दुसरी १,८०० ची. तिच्यात अतिनील किरणं अडवणारी काच आणि आम्लरहित माउंट. खर्च १,०००, सुटतात ८००.

दुसरी फ्रेम चांगली का, याचं कारण डोळ्यांनी दाखवता येतं. साध्या माउंटच्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. काही वर्षांनी माउंटच्या खिडकीची तिरपी कापलेली पांढरी कड तपकिरी पडते आणि त्याच रेषेत चित्राच्या कागदावरही पिवळट डाग उमटतो. तो डाग निघत नाही. अशी एक जुनी, डागाळलेली फ्रेम उघडून ठेवलेली असेल तर वेगळं भाषण करावं लागत नाही. काचेबद्दल मात्र जपून बोलावं. अतिनील किरणं अडवली की रंग उडण्याचा वेग कमी होतो, तो थांबत नाही, कारण दिसणारा उजेडही रंग उडवतो. 'कधीच फिकं पडणार नाही' असं सांगून विकलेली मधली फ्रेम पुढे तक्रार होऊन परत येते.

दुकानात येणाऱ्या १०० जणांपैकी ७० जण फ्रेम करून घेतात. त्यांतले ४२ साधी घेतात, २८ संरक्षक घेतात आणि ३० जण दर ऐकून निघून जातात. ४२ गुणिले ४०० म्हणजे १६,८००, आणि २८ गुणिले ८०० म्हणजे २२,४००. एकूण ३९,२००. येणाऱ्या दर माणसामागे ३९२ सुटतात. हा ३९२ लिहून ठेवा, पुढे तोच लागणार आहे.

दुसरी पायरी: वरची वस्तू, आणि ती खरी असणं

आता तिसरी ओळ. ती विकली जावी म्हणून मुख्यतः ठेवायची नाही, पण कुणी मागितली तर आनंदाने आणि अभिमानाने करून देता आली पाहिजे. जी वस्तू द्यायची तयारीच नाही ती दरपत्रकात लिहिणं म्हणजे खोटं बोलणं आहे, आणि ते फार दिवस झाकतही नाही. 'सध्या उपलब्ध नाही' हे उत्तर दोनदा दिलं की तिसऱ्या ओळीची सगळी वजनदारी संपते.

फ्रेममध्ये खरी वरची वस्तू आहे: संग्रहालयात वापरतात तशी, प्रतिबिंब न पाडणारी काच. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फिरतो, म्हणून खिडकीसमोर टांगलेल्या फोटोत आपल्याला आपलंच तोंड दिसतं. या लेप दिलेल्या काचेवरून १ टक्क्याच्या आसपासच उजेड परततो. समोर उभं राहिलं तर काच आहे की नाही हे कळत नाही. त्यासोबत शुद्ध कापसाच्या लगद्याचा माउंट आणि हाताने पॉलिश केलेली लाकडी पट्टी घेतली तर खर्च २,१०० येतो. दर ३,९००, सुटतात १,८००.

३,९०० च का? यावर सगळीकडे लागू पडणारं सूत्र नाही, पण प्रमाण बघायची सवय लावा. कॅमेऱ्यांच्या प्रयोगात मधला स्वस्ताच्या १.४ पट होता आणि वरचा मधल्याच्या जवळपास दुप्पट. वरची उडी खालच्या उडीपेक्षा मोठी होती. फ्रेममध्ये मधली साध्या फ्रेमच्या १.८ पट आहे आणि वरची मधलीच्या २.२ पट. माझ्या मते दीडपट ते अडीचपट एवढ्या पट्ट्यात वरची वस्तू ठेवून बघायला सुरुवात करावी.

ती फार जवळ ठेवली, म्हणजे २,१०० ला, तर 'एवढ्यातच मिळतंय तर वरचंच घेऊ' असं होतं. ते वाईट आहे असं नाही. पण त्या दरात वरच्या फ्रेमचा सगळा पैसा खर्चातच जातो, सुटत काहीच नाही. आणि फार लांब ठेवली, समजा १५,००० ला, तर गिऱ्हाईक तिला आपल्या पर्यायांत मोजतच नाही. ती दुसऱ्या कुणासाठी आहे असं मानून तो डोळे पुढे सरकवतो. दरपत्रकावर तीन ओळी असतात, पण त्याच्या मनात दोनच उरतात आणि १,८०० ची फ्रेम पुन्हा महागातली ठरते.

अजून एक अट, जी बरेचजण विसरतात. तिन्ही वस्तू एकाच दिशेने चढत गेल्या पाहिजेत. साध्या फ्रेममध्ये चित्र बसतं, मधलीत ते टिकतं, वरचीत ते टिकतं आणि स्वच्छही दिसतं. एवढी सरळ रेषा असली की मधली खरोखर मधे दिसते. वरच्या फ्रेमचा मोठेपणा निव्वळ सोनेरी नक्षीत असेल तर तिची तुलना टिकाऊपणाशी होत नाही. ज्याला नक्षी आवडत नाही त्याच्यासाठी ती ओळ रद्द, आणि पुन्हा दोनच पर्याय उरले.

तिसरी पायरी: खालची वस्तू प्रामाणिक ठेवा

मधली उठून दिसावी म्हणून खालची मुद्दाम बिघडवायचा मोह होतो. पट्टी पातळ करायची, कोपरे सैल सोडायचे. हे करू नका. साधी फ्रेम घेणारा माणूसही तुमच्याच नावाची वस्तू भिंतीवर टांगतो. खालची वस्तू आपलं काम नीट करणारी, पण कमी गोष्टी करणारी असावी. तिच्यात काय नाही हे स्पष्ट लिहा: 'पोस्टर आणि छापील प्रतींसाठी योग्य, मूळ चित्रांसाठी नाही.' या एका वाक्याने अनेकजण आपणहून योग्य ओळीकडे जातात. एखाद्याकडे खरंच छापील पोस्टर असेल आणि तो १,००० ची फ्रेम घेऊन गेला, तर तेच बरोबर झालं.

चौथी पायरी: फलक आणि बोलणं

दरफलकावर महागडी वर, मग मधली, मग साधी. डोळा वरून खाली येतो, म्हणून पहिला आकडा ३,९०० चा दिसतो. तिघींची नावं सारख्याच अक्षरांत आणि प्रत्येकीपुढे एकच ओळ. वरचीला सोनेरी चौकट आणि मधलीवर 'सर्वाधिक पसंती'चा शिक्का मारायची गरज नसते. शिक्का मारायचाच असेल तर तो मोजून खरा असल्यावरच मारा.

फलकापेक्षा जास्त काम मात्र नमुने करतात. तीन नमुना फ्रेम एकाच आकाराच्या, एकाच चित्राच्या प्रती घालून, शेजारी शेजारी टांगा. चित्र वेगवेगळी असली तर गिऱ्हाईक चित्रांची तुलना करतं. प्रतिबिंब न पाडणाऱ्या काचेवर बोटांचे ठसे साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतात, तेव्हा तो नमुना रोज मऊ कापडाने पुसावा लागतो. ठसे उमटलेली ३,९०० ची फ्रेम शेजारच्या १,८०० च्या फ्रेमलाही खाली ओढते.

आता काउंटरवरचं बोलणं. एक बाई मुलीने काढलेलं जलरंगातलं चित्र घेऊन आल्या आहेत.

"याला फ्रेम करायची आहे. किती होतील?"

इथे बहुतेकजण घाबरून "हजारापासून सुरू" असं म्हणतात, आणि स्वतःच १,००० चा नांगर टाकून बसतात. त्याऐवजी आधी प्रश्न:

"हे मूळ चित्र आहे ना, ताई? कुठे लावणार, उन्हाच्या खोलीत की आत?"

"बैठकीच्या खोलीत. समोर मोठी खिडकी आहे."

"मग तीन प्रकार दाखवते. ही पहिली, हिच्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसणार नाही, इथून बघा. ही ३,९०० ला पडते. ही मधली, हिच्यात प्रतिबिंब थोडं दिसेल, पण कागद आणि रंग जपण्याचं काम ती तेवढंच करते. १,८००. आणि ही साधी, १,०००. ही पोस्टरला छान, जलरंगाला मी सुचवणार नाही."

यात एकही शब्द खोटा नाही, दाबून बोलणंही नाही. आकड्यांचा क्रम, तुलनेची एकच दिशा आणि प्रत्येकीची मर्यादा एवढंच आहे. त्यानंतर गप्प राहा. वर म्हटलं तसं, मधला पर्याय निवडायला माणसाला तोलायला वेळ लागतो. तो त्याला द्या.

पाचवी पायरी: मोजणं

तीन ओळींचा फलक लावल्यावर 'मधली जास्त खपते' असं वाटणं आणि पैसे जास्त सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आकड्यांत बघू.

समजा नवीन फलकानंतर १०० जणांपैकी ६६ जणांनी फ्रेम केली: २५ साधी, ३६ मधली, ५ वरची. ३४ जण निघून गेले. हिशेब: १०,००० अधिक २८,८०० अधिक ९,०००, म्हणजे ४७,८००. दर माणसामागे ३९२ चे ४७८ झाले. चार माणसं जास्त गेली, तरी फायदा आहे.

आता दुसरी शक्यता. ३,९०० चा आकडा बघूनच बरेचजण बिचकले आणि १०० पैकी ५५ जणांनीच फ्रेम केली: २० साधी, ३१ मधली, ४ वरची. हिशेब: ८,००० अधिक २४,८०० अधिक ७,२००, म्हणजे ४०,०००. दर माणसामागे ४००. आधीच्यापेक्षा फक्त ८ जास्त.

गंमत बघा. विकल्या गेलेल्या फ्रेममध्ये मधलीचा वाटा पहिल्या शक्यतेत ५५ टक्के आहे आणि दुसरीत ५६. विक्रीच्या वहीवरून बघितलं तर दुसरीच जास्त यशस्वी दिसेल. कारण निघून गेलेली माणसं विक्रीच्या वहीत नसतात. म्हणून चौकशी करून गेलेल्यांचीही मोजदाद ठेवावी लागते. काउंटरखाली एक कागद, माणूस आला की एक रेघ, फ्रेम झाली की त्या रेघेपुढे वरची, मधली किंवा साधी. एवढं पुरतं. इथे आळस केला तर आधीच्या चारही पायऱ्या अंदाजपंचे ठरतात.

महागड्या ओळीने मधलीला खरंच हात दिला का हे बघायला कॅमेऱ्यांसारखाच हिशेब करा. वरची घेतलेले बाजूला काढा. पहिल्या शक्यतेत उरले ६१, त्यांतले ३६ मधलीचे, म्हणजे ५९ टक्के. आधी ७० पैकी २८ होते, म्हणजे ४० टक्के. हा फरक शेजाराचा. पण फलकासोबत तुमची बोलायची पद्धतही बदलली असेल तर त्याचं श्रेय दोघांत वाटलं जातं. म्हणून जुन्या आणि नव्या फलकाच्या आठवड्यांत बोलणं शक्य तितकं सारखं ठेवा.

आठवडे म्हणते आहे, कारण फलक आलटून पालटून लावावा. एक आठवडा दोन ओळींचा, पुढचा तीन ओळींचा, पुन्हा दोनचा. एक महिना जुना आणि पुढचा महिना नवा असं केलं तर मधे आलेली सुट्टी, परीक्षा, एखादं मोठं काम, सगळं त्या फरकात मिसळतं.

आणि किती दिवस? खरं प्रमाण ४० टक्के असताना ३० गिऱ्हाइकांत मधली १२ जणांनी घ्यायला हवी, पण निव्वळ योगायोगाने ती ७ जण किंवा १७ जणही घेऊ शकतात. ४० चे ५५ टक्के झाले हे खात्रीने म्हणायचं तर दोन्ही फलकांच्या वेळी मिळून नव्हे, प्रत्येकाच्या वेळी सुमारे १७० विक्री हाताशी हव्यात. लहान कार्यशाळेला याला बरेच महिने लागतात. तोपर्यंत 'वाटतंय चांगलं' एवढंच म्हणायचं आणि मोजत राहायचं. पहिल्याच शनिवारी पाच मधल्या फ्रेम गेल्या म्हणून साध्या फ्रेमचं सामान आणणं बंद करणारी माणसं मी बघितली आहेत.

बिघाड कुठे होतो आणि कसा ओळखायचा

माणसं दर ऐकून जास्त प्रमाणात परत जाऊ लागली, तर वरचा आकडा पूर्ण दुकानाचीच ओळख ठरवतो आहे. 'हे आपल्यासाठी नाही' असं त्यांना वाटतं. अशा वेळी वरचा दर कमी करण्याआधी क्रम उलटून बघा: साधी वर, महागडी शेवटी. अँकरचा जोर थोडा कमी होईल, पण तिन्ही समोर असल्याने मध्यममार्गाचा परिणाम टिकू शकतो. दोन्ही ओढी वेगळ्या ओळखण्याचा हा खरा फायदा.

वरची फ्रेम भराभर विकली जाऊ लागली, म्हणजे शंभरात २५-३० जण ती घेऊ लागले, तर तुमच्या गिऱ्हाइकांची तयारी तुम्ही समजत होता त्यापेक्षा जास्त आहे. ती फ्रेम आता मधली व्हायच्या लायकीची आहे. तिच्या वर काही खरं देता येतं का ते शोधा, नसेल तर आहे ते चालू द्या.

फलक बदलूनही काहीच हललं नाही, असंही होतं. गिऱ्हाइकाच्या मनात आधीच पक्की किंमत असेल, म्हणजे तो तीच वस्तू वारंवार घेणारा असेल, तर आपल्या आकड्याने त्याची मोजपट्टी हलत नाही. शिवाय या क्षेत्रातले सगळेच परिणाम सगळीकडे तितकेच ठामपणे दिसत नाहीत. याच कुळातला एक प्रकार म्हणजे, एका पर्यायाहून उघडपणे वाईट असा पर्याय शेजारी ठेवून त्याला उठाव देणं. २०१४ साली शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा परिणाम कागदावरच्या आकड्यांत छान दिसतो, पण वस्तू चित्रात दाखवल्या किंवा प्रत्यक्ष अनुभवायला दिल्या की बहुतेकदा विरघळतो. मध्यममार्गाचा परिणाम याहून वेगळा आहे, तरी धडा तोच घ्यावा: तुमच्या काउंटरवरची मोजणी हाच तुमचा पुरावा.

एक बिघाड मात्र असा आहे की त्याची मोजणी करायचीच नाही. वरची खरी वस्तू करण्याऐवजी मधल्या फ्रेमपुढे कधीच न घेतलेला '३,०००' चा आकडा लिहून त्यावर काट मारणं. तोही अँकरच, पण खोटा. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतला सगळ्यात कमी दर सांगावा लागतो, तो याच प्रकारामुळे. खऱ्या तिसऱ्या फ्रेमने गिऱ्हाइकाला एक जास्तीची माहिती मिळते. काट मारलेल्या खोट्या आकड्याने त्याच्याकडे होती तीही बिघडते.

काउंटरच्या पलीकडे उभे असाल तेव्हा

हेच सगळं विकत घेणाऱ्याच्या बाजूनेही वापरता येतं. रस्त्यात असतानाच, दर ऐकण्याआधी, आपल्याला काय हवं ते लिहून ठेवा: मूळ चित्र आहे, उन्हाची खोली आहे, दहा वर्षं टिकायला हवं. दर कळले की सगळ्यात महागडी ओळ हाताने झाका आणि उरलेल्या दोघांतून निवडा. मग हात काढा आणि पुन्हा निवडा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर निर्धास्त घ्या. बदललं तर दुकानदाराला विचारा, की मधलीत साध्यापेक्षा नेमकं काय जास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या लिहिलेल्या यादीत बसतं का ते बघा. जलरंगातलं चित्र असेल तर बसेल. छापील पोस्टर असेल तर बहुधा बसणार नाही, आणि ८०० वाचतील.